शाकाहारी धावपटूची केस: कॅलरी आणि प्रथिनांचं लक्ष्य ठरवणारं उत्तर कसं लिहायचं

क्रीडा पोषणाच्या पेपरात येणारी एक केस घेऊ आणि तिचं उत्तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सोडवू.

खेळाडू २० वर्षांची मुलगी आहे. ५,००० आणि १०,००० मीटर धावते, वसतिगृहात राहते, मेसमध्ये जेवते. दूध-दही खाते, अंडं खात नाही. वजन ५२ किलो, उंची १६० सेंटिमीटर, कातडीच्या घडीवरून काढलेली शरीरातली चरबी १८ टक्के. आठवड्यातले सहा दिवस सराव: रोज सरासरी १२ किलोमीटर धावणं, साडेपाच मिनिटांना एक किलोमीटर या वेगानं, आणि अर्धा तास वजनांचा व्यायाम. चोवीस तासांच्या आहार नोंदीत १,७५० किलोकॅलरी आणि ४८ ग्रॅम प्रथिनं. तीन महिन्यांत वजन बदललेलं नाही. मासिक पाळी पूर्वी नियमित होती, गेले चार महिने आलेली नाही. प्रशिक्षकांचं म्हणणं आहे की सहा आठवड्यांत वजन ४८ वर आणा. प्रश्न: तिचं कॅलरी आणि प्रथिनांचं लक्ष्य ठरवा आणि कारणं द्या.

आधी एक चुकलेलं उत्तर

अशा केसची उत्तरं मी दर वर्षी तपासते. सर्वात जास्त दिसणारं उत्तर हे: मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्रानं विश्रांतीतली ऊर्जा काढली, १० × ५२ + ६.२५ × १६० − ५ × २० − १६१ = १,२५९. त्याला 'खूप सक्रिय' चा गुणक १.७२५ लावला, २,१७२ आले. वजन कमी करायचंय म्हणून ५०० वजा केले. लक्ष्य १,६७२ किलोकॅलरी. खाली दुहेरी रेघ, नीटनेटकं अक्षर.

गुणाकारात एकही चूक नाही. पण ही मुलगी आज १,७५० खाते, तिची पाळी थांबली आहे, आणि आपण तिला त्याहूनही कमी खायला सांगतोय. केसमधली चार महिन्यांची ओळ वाचली गेली, पण आकड्यांपर्यंत पोहोचलीच नाही. म्हणून सूत्राला हात लावण्यापूर्वी केस पुन्हा वाचा आणि ज्या ओळीमुळे निर्णय बदलेल तिच्याखाली पेन्सिलनं रेघ ओढा. इथे अशा दोन ओळी आहेत: पाळी आणि ४८ किलो.

पहिली पायरी: वजन कमी करायचं की नाही

याचं उत्तर दोन ओळींत देता येतं आणि ते आधी द्यावं. ५२ किलोपैकी १८ टक्के चरबी म्हणजे सुमारे ९.४ किलो. उरलेलं चरबीविरहित वजन ४२.६ किलो. ती ४८ किलोवर गेली आणि स्नायू जराही गेले नाहीत असं मानलं, तरी चरबी उरेल ५.४ किलो, म्हणजे ११ टक्के. स्त्रीच्या शरीराला संप्रेरकांचं काम चालू ठेवण्यासाठी लागणारी चरबीच साधारण १२ टक्के धरतात. म्हणजे ४८ किलो हे लक्ष्य स्नायू घालवल्याशिवाय किंवा शरीराचं काम बिघडवल्याशिवाय गाठता येणार नाही.

इथे बॉडी मास इंडेक्स फसवतो. ५२ किलोला तो २०.३ येतो आणि ४८ किलोला १८.७५. दोन्ही आकडे 'सामान्य' पट्ट्यात बसतात, त्यामुळे ते बघून काही विद्यार्थी प्रशिक्षकांचं म्हणणं मान्य करून टाकतात. हा निर्देशांक चरबी आणि स्नायू वेगळे करत नाही, हे एका वाक्यात नोंदवा आणि पुढे जा. उत्तरात निर्णय स्पष्ट लिहा: सध्या वजन घटवायचं नाही, आधी ऊर्जेची तूट भरायची.

दुसरी पायरी: विश्रांतीतली ऊर्जा, आणि सूत्र का निवडलं

मिफ्लिन-सेंट जिऑर वजन, उंची, वय आणि लिंग बघतं. ते सामान्य लोकांवरून बसवलेलं आहे. खेळाडूच्या शरीरात त्याच वजनाला स्नायूंचा वाटा जास्त असतो, म्हणून चरबीविरहित वजन माहीत असेल तर कनिंगहॅमचं १९८० चं सूत्र घ्यावं: ५०० + २२ × चरबीविरहित वजन. आपल्या केसमध्ये ५०० + २२ × ४२.६ = १,४३७, म्हणजे सुमारे १,४४० किलोकॅलरी. मिफ्लिनपेक्षा हे १८० नं जास्त आहे. केसमध्ये चरबीची टक्केवारी दिली आहे ती याचसाठी. ती दिलेली असूनही वापरली नाही तर परीक्षकाला वाटतं की विद्यार्थ्यानं पाठ केलेलं एकच सूत्र चालवलं.

घडीवरून काढलेल्या टक्केवारीत तीन टक्के इकडेतिकडे सहज होतं. चरबी १५ टक्के धरली तर विश्रांतीतली ऊर्जा १,४७२ येते, २१ टक्के धरली तर १,४०४. फरक सत्तरचा. म्हणून ही चूक फार महत्त्वाची नाही, पण ती तपासली आहे हे एका ओळीत दिसू द्या.

तिसरी पायरी: सराव वेगळा मोजा

'खूप सक्रिय × १.७२५' असा गुणक लावण्यापेक्षा रोजचं जगणं आणि सराव वेगळा काढलेला बरा. वसतिगृह, वर्ग, झोप, अभ्यास एवढ्यासाठी १.४ चा गुणक पुरे: १,४४० × १.४ = २,०१६.

धावण्याचा खर्च ढोबळ मानानं दर किलोला दर किलोमीटरला एक किलोकॅलरी. १२ × ५२ = ६२४. अर्ध्या तासाच्या वजनांच्या व्यायामाला ४ मेट, म्हणजे विश्रांतीच्या चौपट खर्च, धरला तर ४ × ५२ × ०.५ = १०४. एकूण ७२८. धावायला ६६ मिनिटं आणि व्यायामाला ३० मिनिटं, म्हणजे १.६ तास. तेवढ्या वेळात ती नुसती बसली असती तरी तासाला ६० या हिशेबानं ९६ किलोकॅलरी गेल्याच असत्या, आणि त्या आपण २,०१६ मध्ये आधीच धरल्या आहेत. त्या वजा करा: ६३२, म्हणजे ६३०.

ही वजाबाकी बहुतेक जण विसरतात. आकडा छोटा वाटतो, पण पुढच्या पायरीत हेच ६३० भागाकारात जातात आणि तिथे शंभरचा फरक निर्णयाच्या सीमेवर येऊ शकतो.

सरावाच्या दिवसाचा एकूण खर्च: २,०१६ + ६३० = २,६४६. विश्रांतीच्या ऊर्जेच्या १.८४ पट. रोज दीड तास सराव करणाऱ्या खेळाडूसाठी हे प्रमाण पटण्याजोगं आहे. असा एक ताळा घेतलेला बरा. पट २.६ वगैरे आली असती तर समजायचं की कुठेतरी सराव दोनदा मोजला गेलाय.

चौथी पायरी: ऊर्जा उपलब्धता

उत्तराचा गाभा हा आहे, म्हणून इथे सर्वात जास्त जागा द्या. खाल्लेल्या ऊर्जेतून सरावाचा खर्च वजा केल्यावर शरीराच्या बाकीच्या कामांना जे उरतं त्याला चरबीविरहित वजनानं भागायचं. हाडांची झीज भरणं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, सगळं यावरच चालतं.

आपल्या मुलीचं: (१,७५० − ६३०) ÷ ४२.६ = २६. दर किलो चरबीविरहित वजनामागे ४५ किलोकॅलरी पुरेशी मानतात आणि ३० च्या खाली कमतरता. पाळी थांबलेली आहे आणि आकडा २६ आहे, म्हणजे लक्षण आणि हिशेब एकाच दिशेला बोट दाखवतात. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये रेड-एस हे नाव दिलं. ते नाव उत्तरात यायला हवं, पण 'रेड-एस आहे' असं निदान लिहू नका. 'रेड-एसची दाट शक्यता. क्रीडावैद्यक तज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावं, गर्भधारणा, थायरॉइड आणि इतर कारणं वगळावीत' असं लिहा. आहारतज्ज्ञाची मर्यादा माहीत असणं हाही उत्तराचाच भाग आहे.

आता एक प्रश्न, जो तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो. खर्च २,६५० आणि खाणं १,७५०, रोज ९०० ची तूट, तर मग तीन महिन्यांत वजन का उतरलं नाही? ही गोष्ट केसमध्ये मुद्दाम लिहिलेली असते. दोन कारणं आहेत आणि दोन्ही लिहावीत. एक, ऊर्जा कमी पडली की शरीर खर्च आवरतं. विश्रांतीतली ऊर्जा सूत्रापेक्षा कमी होते, दिवसभराची हालचाल नकळत मंदावते, पाळीसारखी कामं थांबतात. दुसरं, चोवीस तासांच्या नोंदीत खाणं जवळपास नेहमीच कमी सांगितलं जातं. समजा तिनं प्रत्यक्षात ३०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या असतील, तर उपलब्धता ३३ येते. ३० च्या वर, पण ४५ च्या बरीच खाली. म्हणजे निदानाची खात्री ढळते, पण खाणं वाढवायचा निर्णय तसाच राहतो. चरबीच्या टक्केवारीतली चूक मात्र हा आकडा २५ ते २७ च्या बाहेर नेत नाही. कुठल्या अंदाजातली चूक निर्णय हलवते आणि कुठली हलवत नाही, हे दाखवणारं उत्तर मला शेकडो कागदांत वेगळं दिसतं.

मग लक्ष्य. ४५ × ४२.६ + ६३० = २,५४७. खर्चाच्या वाटेनं २,६४६ आले होते. दोन वेगळ्या रस्त्यांनी जाऊन शंभरच्या आत भेट झाली, म्हणून सरावाच्या दिवशी सुमारे २,६०० किलोकॅलरी लिहा. दशकापर्यंत अचूक आकडा लिहू नका, आपल्या मोजमापांत तेवढी अचूकता नाही. विश्रांतीच्या दिवशी हिशेबानं २,००० च्या आसपास पुरतील, पण तूट भरून निघेपर्यंत मी २,२०० च्या खाली जाऊ देणार नाही. आणि हे सगळं एकदम नाही. १,७५० वरून पहिल्या टप्प्यात ३०० वाढवायचे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेवढेच. मेसमध्ये जेवणाऱ्या मुलीला एका दिवसात साडेआठशे किलोकॅलरी जास्त खा म्हटलं तर तिसऱ्या दिवशी पोट बिघडेल आणि आठव्या दिवशी ती आपल्याकडे यायचं बंद करेल.

पाचवी पायरी: प्रथिनं टक्क्यांत नाही, किलोमागे

आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत सामान्य प्रौढांसाठी चांगल्या दर्जाच्या प्रथिनांचे दर किलोला ०.८३ ग्रॅम आहेत. खेळाडूंसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि सहकारी संस्थांच्या २०१६ च्या भूमिकेत १.२ ते २.० ग्रॅमची पट्टी आहे. या पट्टीत आकडा कुठे ठेवायचा हे सांगणं म्हणजे उत्तर. नुसती पट्टी लिहून सोडलेलं उत्तर अर्धवट राहतं.

लांब पल्ल्याच्या धावपटूला एरवी १.२ ते १.६ पुरतात. इथे दोन गोष्टी आकडा वर नेतात. ऊर्जा कमी पडत असताना शरीर प्रथिनं जाळायला घेतं. दुसरं म्हणजे प्रथिनांचा मोठा भाग डाळी आणि धान्यांतून येतो, आणि त्यांची पचनक्षमता दुधापेक्षा कमी असते. म्हणून १.७ घेऊ: १.७ × ५२ = ८८ ग्रॅम. सध्या ती ४८ ग्रॅम खाते, म्हणजे ०.९ च्या आसपास.

टक्क्यांनी बघितलं तर काय होतं पाहा. ४८ ग्रॅम म्हणजे १,७५० पैकी ११ टक्के. ८८ ग्रॅम म्हणजे २,६०० पैकी साडेतेरा टक्के. अडीच टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटतो, प्रत्यक्षात ती प्रथिनं जवळपास दुप्पट करतेय. कॅलरी कमी असतील तर टक्केवारी खोटा दिलासा देते.

डाळ-तांदूळ एकाच ताटात हवेत, नाहीतर प्रथिन 'अपूर्ण' राहतं, असं अजूनही अनेक उत्तरांत येतं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी धान्यात लायसिन कमी आणि डाळींत मेथिओनिन कमी, हे खरं. पण दिवसभरात दोन्ही येत असतील तर पुरतं. ताटातली जोडी आपल्या जेवणात तशीही असतेच. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की एका वेळी दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे तिला सुमारे १६ ग्रॅम, दर तीन ते पाच तासांनी मिळावीत. वनस्पतिजन्य प्रथिनांसाठी मी तो आकडा वीसच्या पुढे धरते आणि शक्य तिथे दूध किंवा दही जोडते, कारण स्नायूंची बांधणी सुरू करणारं ल्यूसिन त्यात जास्त असतं.

सहावी पायरी: आकडा ताटात उतरवा

एकदा मी वसतिगृहाच्या मेसमधून एक वाटी वरण घरी आणलं, आटवून बघितलं आणि राहिलेली डाळ वजनकाट्यावर ठेवली. वाटी मोठी, वरण पातळ, आणि हिशेबानं कोरडी डाळ जेमतेम १५ ग्रॅमची. म्हणजे तीन ग्रॅम प्रथिनं. विद्यार्थी मात्र 'एक वाटी वरण' म्हणून सहा-सात ग्रॅम लिहितात. म्हणून उत्तरात डाळीचं कोरडं वजन लिहा.

पहाटे सरावाआधी केळं आणि दोन खजूर, प्रथिनं २ ग्रॅम, पण धावायला साखर हवी म्हणून. सरावानंतर न्याहारीला ६० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि पाव लिटर दूध, मिळून २२. दुपारी ९० ग्रॅम कणकेच्या तीन पोळ्या, ३० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण, भाजी आणि दीडशे ग्रॅम दही, मिळून २३. संध्याकाळी व्यायामाआधी भाजलेले चणे आणि शेंगदाणे वीस-वीस ग्रॅम, ९. रात्री २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्यांची रस्साभाजी, ज्वारीच्या दोन भाकरी आणि थोडा भात, २४. झोपताना पाव लिटर दूध, ८. बेरीज ८८.

इथे थांबू नका, याच आहाराच्या कॅलरीही मोजा. त्या २,२०० च्या आसपासच येतात. प्रथिनं पूर्ण आणि ऊर्जा चारशेनं कमी! शाकाहारी खेळाडूच्या केसमध्ये हा सापळा नेहमी असतो. डाळी, चणे, सोया, भाकरी या सगळ्यांत तंतू भरपूर, पोट लवकर भरतं आणि ती 'खूप खाल्लं' म्हणते. ही तूट प्रोटीन पावडरनं भरायची नाही. दुपारी ५० ग्रॅम तांदळाचा भात, न्याहारीत आणखी एक केळं, वरण-भातावर आणि भाकरीवर दिवसात दोन चमचे तूप, एवढ्यानं साधारण ३६५ येतात. राहिलेले गुळाच्या एका खड्यात. भात आणि केळ्यामुळे प्रथिनं ९३ वर जातात, ती १.८ च्या आत आहेत, चालतं.

कर्बोदकं आणि स्निग्ध विचारले नसले तरी एक ओळ पुरे: कर्बोदकं दर किलोला ७ ग्रॅम, म्हणजे ३६४; उरलेल्या सुमारे ८०० किलोकॅलरी स्निग्धातून, ८८ ग्रॅम. कर्बोदकं सहापर्यंत खाली आणली तर स्निग्ध ११० च्या वर जातं, म्हणून सात. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची तपासणी सुचवा, आणि जेवणाबरोबर चहा टाळायला सांगा, कारण त्यामुळे डाळी-भाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं.

शेवटचा परिच्छेद: दोन आठवड्यांनी काय बघणार

वजन रोज नाही, आठवड्यातून दोनदा सकाळी. पहिल्या पंधरवड्यात एक-दीड किलो वाढू शकतं. त्यातलं बरंचसं स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी असतं, आणि हे प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर तिसऱ्या दिवशी ते काट्याकडे बघतील आणि ताट पुन्हा कमी होईल. सरावाच्या वहीत झोप, थकवा आणि सोप्या धावण्यातला वेग नोंदवायचा, हे बदल आठवड्यांत दिसतात. पाळी परत यायला महिने लागू शकतात, म्हणून दोन आठवड्यांत ती आली नाही यावरून लक्ष्य चुकलं असं ठरवायचं नाही. नोंद पुन्हा घ्यायची, यावेळी तीन दिवसांची आणि त्यात एक सुट्टीचा दिवस. उपलब्धता ४० च्या खाली असेल आणि खाणं वाढवणं जमत नसेल, तर आठवड्यातलं धावणं कमी करण्याचा प्रस्ताव प्रशिक्षक आणि डॉक्टरांपुढे ठेवायचा.